वाफसा म्हणजे नेमकं काय?

शेतकऱ्यांसाठी निघणाऱ्या मराठी हवामान सल्ल्यांत एक वाक्य हमखास असतं: 'जमिनीत वाफसा आल्यावर पेरणी करावी.' शेती करणारा ते वाचतो आणि पुढे जातो. शेतीपासून दोन पिढ्या लांब गेलेला मराठी माणूस मात्र तिथे थांबतो. त्याला वाटतं, वाफसा म्हणजे ओल. पण ओल तर धो धो पावसातही असते, आणि नेमका तेव्हाच वाफसा नसतो. कुणाला या शब्दातली 'वाफ' दिसते. पाऊस उघडून ऊन पडलं की जमिनीतून वाफ निघते, त्याच्याशी याचा काहीतरी संबंध असणार, असं तो धरून चालतो. हा अंदाज खऱ्याच्या बराच जवळ जातो, पण पोचत नाही. काही भागांत 'वापसा' म्हणतात, तोही हाच. भाजीचा वाफा मात्र वेगळा.

शब्द छोटा आहे, आणि त्यात जमिनीतलं पाणी, हवा, मातीचा पोत, अवजार, बियाणं आणि वेळ एवढं सगळं एकत्र बांधलेलं आहे. इंग्रजीत यातल्या एकेका गोष्टीला चांगला शब्द आहे, सगळ्यांना मिळून एक नाही. व्याख्येपेक्षा एक प्रसंग सांगितला तर हे लवकर कळेल. तो कोकणातला निवडला, कारण कोकणातलं भाताचं खाचर वाफशाच्या बाबतीत सगळ्यांत अवघड शिक्षक आहे.

अलिबागच्या दक्षिणेला, रेवदंड्याकडच्या पट्ट्यात नोव्हेंबरमध्ये गरवं, म्हणजे उशिरा तयार होणारं भात कापून होतं. भारे खळ्यावर जातात आणि खाचरात उरतात धसकटं. आता इथे वाल पेरायचा असतो. पाऊस संपलेला, बहुतेकांकडे पाटाचं पाणी नाही, म्हणून हा वाल जमिनीत उरलेल्या अंगओलाव्यावरच वाढतो. पेरल्यापासून शेंगा भरेपर्यंत त्याला वरून पाणी मिळेलच असं नाही. पुढे थंडीत मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्यात ज्या शेंगांची पोपटी लागते, त्या याच वालाच्या.

अशा एका खाचराच्या बांधावर एक काकी आणि तिचा पुतण्या उभे होते. पुतण्या मुंबईला नोकरीला, शनिवार-रविवार गावी आलेला. त्याने भाड्याचा पॉवर टिलर ठरवला होता आणि तो बांधाशी येऊन उभाही होता. खाचराचा वरचा थर उन्हाने पांढुरका पडला होता, चालताना पाय रुतत नव्हता.

"काकी, वरनं सुकलंय की. सुरू करायला सांगू का? त्याला दुपारनंतर दुसरीकडे जायचंय."

काकी काही बोलली नाही. ती खाचराच्या मधोमध गेली, विळ्याच्या टोकाने वरची खपली बाजूला केली आणि चार बोटं खोल माती उकरली. मूठभर माती घेऊन दाबली आणि मूठ उघडली. गोळ्यावर बोटांचे ठसे उमटले होते, ते ओले चकचकीत होते, आणि तळहाताला माती चिकटून राहिली होती. तिने गोळा कमरेच्या उंचीवरून खाली सोडला. तो थप्पकन पडला, चपटा झाला, पण फुटला नाही.

"वाफसा नाय आला अजून. आज नको."

"अगं, पण ओल आहे ना चांगली? वालाला ओलच लागते की."

"ओल हाय म्हणूनच नको म्हणतेय."

टिलर परत गेला. तीन दिवसांनी काकीने पुन्हा तसाच गोळा केला. या वेळी मूठ दाबल्यावर गोळा वळला, तळहात जेमतेम दमट झाला, आणि खाली टाकल्यावर गोळा नीट न वळलेल्या रव्याच्या लाडवासारखा चार-पाच तुकड्यांत फुटला. "आला," ती म्हणाली, आणि टिलरवाल्याला फोन लावायला सांगितला. वरच्या बांधालगतचा एक पट्टा मात्र तिने सोडून द्यायला सांगितला. तिथे वरच्या खाचरातलं पाणी अजून पाझरत होतं, त्यामुळे तिथला वाफसा आणखी दोन दिवसांनी येणार होता.

प्रसंग एवढाच. पुतण्याचा प्रश्न अगदी रास्त होता. ज्या पिकाला फक्त उरलेल्या ओलीवर जगायचंय, त्याच्यासाठी जास्त ओल असताना पेरणी थांबवायची हे वरवर उलटं वाटतं. ते उलटं का नाही, हे मातीच्या आत गेल्याशिवाय कळत नाही.

माती भरीव दिसते, पण चांगल्या शेतजमिनीच्या एकूण आकारमानातली साधारण अर्धी जागा पोकळ असते. मातीच्या कणांमध्ये आणि कणांच्या गोळ्यांमध्ये छोट्यामोठ्या फटी असतात. या फटींत एक तर पाणी असतं किंवा हवा. दोघांना एकाच फटीत मावता येत नाही, म्हणून पाणी वाढलं की हवा तेवढीच कमी होते. खाचर पाण्याने पूर्ण भरलेलं असतं तेव्हा सगळ्या फटींत पाणी असतं. मग मोठ्या फटींतलं पाणी आधी जातं, कारण तिथे त्याला धरून ठेवणारं काही नसतं. बारीक फटींतलं पाणी कणांना घट्ट चिकटून राहतं. मोठ्या फटी हवेने भरलेल्या आणि बारीक फटी पाण्याने, अशी वाटणी झाली की मुळांना प्यायला पाणी असतं आणि श्वास घ्यायला हवाही. वाफशाचा गाभा ही वाटणी आहे. मुळंही श्वास घेतात हे आपण शाळेत शिकलेलो असतो, पण पेरणीच्या वेळी ते सहज विसरतो. पाण्यातून ऑक्सिजन पसरण्याचा वेग हवेतल्या वेगाच्या साधारण दहा हजारावा भाग असतो. म्हणून पाण्याने भरलेल्या मातीत वरून कितीही मोकळी हवा असली तरी ती चार बोटं खालच्या बीपर्यंत पोचत नाही.

काकीच्या खाचराचा हिशेब ढोबळपणे मांडून बघू. एक गुंठा म्हणजे सुमारे 100 चौरस मीटर. वरचा 15 सेंटिमीटरचा थर धरला तर ती 15 घनमीटर माती झाली. त्यातली अर्धी जागा पोकळ, म्हणजे 7,500 लिटर. भात उभं असताना ही सगळी जागा पाण्याने भरलेली असते. चिकण मातीच्या खाचरात वाफसा आला म्हणजे त्यातलं साधारण 5,500 लिटर पाणी उरलं आणि 2,000 लिटर जागेत हवा शिरली. मुळं गुदमरू नयेत म्हणून मातीच्या एकूण आकारमानाच्या दहाव्या भागाइतकी तरी हवा लागते असं सामान्यपणे मानतात. इथे ती जेमतेम त्याच्या थोडी वर आहे. तेव्हा काकी ज्या 2,000 लिटरची वाट बघत होती, ते तिच्या हिशेबाने पाण्याचं नुकसान नव्हतंच. तेवढं पाणी गेल्याशिवाय बीला हवेची जागाच मिळणार नव्हती. उरलेलं 5,500 लिटर आणि त्याखालच्या थरांतली ओल ही वालाची खरी शिदोरी.

आता प्रश्न असा की ते 2,000 लिटर जायला एवढे दिवस का लागतात. देशावरच्या निचऱ्याच्या जमिनीत जोराचा पाऊस थांबल्यावर साधारण दोन दिवसांत जादाचं पाणी आपोआप खाली झिरपून जातं. कोकणातल्या खाचरात तसं होत नाही, आणि त्याचं कारण जुलैमध्ये दडलेलं असतं.

लावणीच्या आधी आपण मुद्दाम चिखलणी करतो. पाणी भरलेल्या खाचरात नांगर किंवा टिलर फिरवून मातीचे सगळे गोळे मोडतो, बारीक कण पाण्यात सुटे करतो, ते खाली बसतात आणि तळाशी एक दाट थर तयार होतो. या थरातून पाणी फार हळू झिरपतं. भाताला हेच हवं असतं. कोकण किनाऱ्यावर वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडत असला, तरी तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो, आणि जांभ्याच्या उतारांवरून पाणी बघता बघता समुद्राकडे जातं. ते अडवून धरायला बांध आणि हा चिखलाचा थर, दोन्ही लागतात. भाताच्या रोपात पानांपासून मुळांपर्यंत हवा नेणाऱ्या पोकळ नळ्या असतात. म्हणून भाताला मातीतल्या हवेची गरज पडत नाही आणि वाफशाचीही नाही. पावसाळाभर खाचरात वाफसा हा शब्द कुणी उच्चारत नाही, तो का, हे इथे कळतं.

वाल मात्र वेगळ्या घराण्यातला. त्याच्या मुळांना अशा नळ्या नाहीत. शिवाय त्याच्या मुळांवर गाठी येतात, त्यांत राहणारे जिवाणू हवेतला नत्र पकडून झाडाला देतात. मातीत हवाच नसेल तर मुळं गुदमरतात आणि गाठींचंही काम थांबतं. जी माती आपण जुलैमध्ये हवा शिरू नये अशी करून ठेवली, तिच्यातच नोव्हेंबरमध्ये हवा शिरायला हवी असते. खाली झिरपायचा रस्ता आपणच बंद केलेला, त्यामुळे जादाच्या पाण्याला बहुतांशी एकच वाट उरते, ती वरची. नोव्हेंबरच्या उन्हात ओल्या उघड्या जमिनीतून दिवसाला तीनेक मिलिमीटर पाणी उडून जातं असं धरलं, तर गुंठ्याला रोजचे 300 लिटर. 2,000 लिटर उडायला जवळजवळ आठवडा लागतो. कापणीआधी खाचरातलं पाणी सोडून दिल्यावर आणि भात काढल्यावर काकी थांबते, ती या आठवड्यासाठी. ज्यांना शब्दातली वाफ दिसली होती, त्यांचं म्हणणं इथे खरं ठरतं. भाताच्या खाचरात वाफसा आणतो तो मुख्यतः सूर्य, आणि तो वाफेच्याच वाटेने आणतो.

हाच हिशेब पुढे नेला की दुसरी अडचण दिसते. वाफसा आला म्हणून ऊन थांबत नाही. तेच पाणी पुढेही उडत राहतं, आणि चिखलणी केलेली माती सुकू लागली की आक्रसते, तडकते आणि टणक होते. वरचा थर कडक झाल्यावर टिलरचा फाळ आत जात नाही, गेला तर मोठाली ढेकळं निघतात. म्हणून खाचरातला वाफसा तीन-चार दिवसांचा पाहुणा असतो. त्याआधी लवकर, त्यानंतर उशीर. माझ्या मते या शब्दातली सगळ्यांत न भाषांतरता येणारी गोष्ट हीच आहे: तो मातीची अवस्था सांगतो आणि त्याच वेळी मुदतही सांगतो. म्हणून तर तो 'असतो' असं आपण क्वचितच म्हणतो. वाफसा येतो, वाफसा जातो, पाऊस पडला की वाफसा मोडतो, आणि कामं वाफशावर उरकून घ्यावी लागतात. क्रियापदं सगळी येण्याजाण्याची आहेत.

पहिल्या दिवशी पुतण्याचं ऐकून टिलर घातला असता तर काय झालं असतं, तेही बघायला हवं, कारण चूक त्या दिवशी दिसत नाही. टिलर फिरला असता. माती उलटली असती, काळीभोर आणि ओली, बघायला छान. पण फाळाच्या मागे उलटलेल्या पट्टीवर एक गुळगुळीत चकाकी दिसली असती. ती चकाकी म्हणजे मातीच्या मोठ्या फटी घासून लिंपल्या गेल्याची खूण. यंत्राच्या आणि माणसाच्या वजनाखाली उरलेल्या फटीही दाबल्या गेल्या असत्या. चार दिवसांनी त्या पट्ट्या वाळून अशी ढेकळं झाली असती की ती फोडायला कुदळीचा तुंबा लागला असता. दरम्यान आत पडलेलं बी हवेवाचून कुजायला लागतं. शेतकरी आठ-दहा दिवसांनी उगवण विरळ का म्हणून उकरून बघतो, तर बी मऊ पडलेलं, दाबलं तर सालीतून घाण वास येणारं असतं. दोष बियाण्याला दिला जातो. खरं तर घाई नडलेली असते.

उशिराची चूक वेगळी दिसते. वाफसा निघून गेल्यावर पेरलेलं बी अर्धवट फुगतं, कोंब फुटण्यापुरतं पाणी त्याला मिळत नाही, आणि ते तसंच कोरडं राहतं किंवा मुंग्यांच्या तोंडी जातं. उकरून बी हातात घेतलं की दोन चुकांतला फरक लगेच कळतो: एक बी मऊ आणि वासाचं, दुसरं कडक आणि सुरकुतलेलं.

आता इंग्रजीकडे वळू. मृदाशास्त्रात 'फील्ड कपॅसिटी' म्हणून एक संज्ञा आहे. जमीन पूर्ण भिजल्यावर जादाचं पाणी झिरपून गेलं की जेवढं पाणी माती धरून ठेवते, ते तिचं मोजमाप. वाफशाचा अर्थ विचारला की बरेच जण हाच शब्द पुढे करतात, आणि निचऱ्याच्या जमिनीत दोन्ही एकमेकांच्या खूप जवळ येतातही. पण ती संज्ञा पाण्याची आहे. तिला हवेशी थेट देणंघेणं नाही आणि नांगराशी तर नाहीच. चिकण मातीत फील्ड कपॅसिटी गाठली तरी माती अजून फाळाला चिकटत असू शकते. तेव्हा इंग्रजीच्या हिशेबाने जमीन पोचलेली असते आणि काकीच्या हिशेबाने अजून नाही.

दुसरी संज्ञा 'प्लास्टिक लिमिट'. स्वीडनच्या अल्बर्ट अॅटरबर्ग यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मातीच्या अशा मर्यादा ठरवल्या. ओली माती काचेवर हाताने लाटत सुमारे 3 मिलिमीटर जाडीची दोरी करायची. त्या जाडीला येताना दोरी तुटू लागली, की मातीतली ओल या मर्यादेवर आली. याहून जास्त ओल असेल तर माती वळते आणि लिंपली जाते, कमी असेल तर भुगा होते. नांगरटीला योग्य ओल या मर्यादेच्या किंचित खाली असते. काकीने गोळा टाकून तो फुटतो का बघितलं, ते याच मर्यादेची चाचणी होती, फक्त काचेशिवाय. पण ही संज्ञा मातीच्या वागण्याची आहे, तिला बी आणि मूळ माहीत नाहीत. आज ती रस्ते आणि इमारतींचे पाये घालणाऱ्यांच्या तोंडी जास्त असते.

तिसरा शब्द 'टिल्थ', हा खरा शेतकऱ्यांचा. माती भुसभुशीत, रवाळ, बियाण्यासाठी तयार असणं. वाफशावर नांगरल्यावर जमीन जशी होते, तिला टिल्थ म्हणता येईल. म्हणजे तो वाफशाचं फळ झाला. वाफसा त्याच्या आधी येतो आणि माणसाने काही केलं नाही तरी येतो. हे तिन्ही शब्द शेजारी ठेवले तरी 'आता, या तीन-चार दिवसांत' हा भाग बाहेरच राहतो.

म्हणून इंग्रजीत लिहिणाऱ्यांनी काही वेळा भाषांतराचा नादच सोडला आहे. सुभाष पाळेकरांच्या नैसर्गिक शेतीच्या पद्धतीचे चार आधार सांगतात: बीजामृत, जीवामृत, आच्छादन आणि वाफसा. 2016 साली पाळेकरांना पद्मश्री मिळाली, ही पद्धत आंध्र आणि हिमाचलपर्यंत पोचली, आणि तिच्यावरच्या इंग्रजी कागदपत्रांत वाफसा हा शब्द तसाच, इंग्रजी अक्षरांत लिहिला जातो. इथे एक गोष्ट सांगायला हवी. पाळेकरांच्या मांडणीत मुळांना पाणी नको असतं, वाफ हवी असते, असं येतं. मुळं पाणी घेतात ते द्रवरूपातच, कणांभोवतीच्या पातळ थरातून, आणि मृदाशास्त्र तेच सांगतं. मुळांभोवती पाण्याइतकीच हवाही लागते, हा त्या मांडणीतला भाग मात्र अगदी बरोबर आहे, आणि सतत पाणी भरत राहणाऱ्याने तो ऐकावा असाच आहे.

इंग्रजीत जोड नाही म्हणून हा शब्द जगात एकटा आहे असं मात्र नव्हे. पंजाबीत याला 'वत्तर' म्हणतात आणि तो मराठी शब्दाच्या फार जवळचा आहे. पेरणीआधी शेताला पाणी देऊन जमीन वत्तरावर आली की गहू पेरायचा, ही तिथली जुनी रीत. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने चिखलणी न करता भात थेट पेरण्याची जी पद्धत शिफारस केली, तिचं नावच 'तर-वत्तर' आहे, आणि तेही इंग्रजीत तसंच लिहिलं जातं. जिथे लोक जमिनीच्या ओलीवर पेरणीचा दिवस ठरवत आले, तिथे हा शब्द जन्मला असावा असं मला वाटतं.

मुठीची चाचणी सोपी आहे, पण तिला मर्यादा आहेत आणि कोकणात त्या ठळक दिसतात. समुद्रालगतच्या पुळणीच्या, वाळूमिश्रित जमिनीत गोळा कधी नीट वळतच नाही. तिथे पाणी काही तासांत उतरतं आणि वाफसा सकाळी येऊन संध्याकाळी ओसरू शकतो. तिथले लोक गोळ्यावर जात नाहीत, माती बोटांत चोळून गारवा बघतात. खाडीलगतच्या खारजमिनीत उलट होतं. गोळा अगदी बरोबर फुटतो, माती दमट लागते, तरी बी फुगत नाही, कारण मिठामुळे ते पाणी बीला ओढून घेता येत नाही. मुठीला मीठ कळत नाही. खाचर सुकताना वर मिठाचा पांढरा थर आलेला दिसला तर मुठीवर विसंबू नये.

दुसरी मर्यादा जागेची. कोकणातली खाचरं पायऱ्यापायऱ्यांची असतात. वरच्या खाचराचं पाणी खालच्यात पाझरतं, म्हणून एकाच माणसाच्या चार खाचरांत वाफसा चार वेगळ्या दिवशी येतो, वरच्यात आधी. एका खाचरातही बांधालगत, मध्ये आणि मोरीच्या तोंडाशी वेगळी उत्तरं मिळतात. तीन-चार ठिकाणी उकरल्याशिवाय ठरवू नये. आणि वरच्या खपलीकडे बघून तर कधीच नाही. पुतण्या तिथेच फसला होता: वरचं बोटभर सुकलं की डोळ्यांना सगळंच सुकल्यासारखं दिसतं.

तिसरी गोष्ट अवजाराची. माणूस कुदळीने ज्या ओलीत टोकणी करू शकतो, त्या ओलीत टिलर नेणं चुकीचं ठरू शकतं, आणि टिलर चालेल त्या ओलीत ट्रॅक्टर जमीन दाबून टाकतो. यंत्र जितकं जड, तितकी वाफशाची मुदत मागून सुरू होते आणि आखूड होते. बैल होते तेव्हा आपला बैल आपल्या दारात असायचा, त्यामुळे वाफसा आला त्या सकाळी औत जुंपता यायचं. आता एक भाड्याचा टिलर गावातल्या पंधरा खाचरांमागे फिरतो, आणि वाफसा तर सगळीकडे त्याच आठवड्यात येतो. कोकणात रब्बीचा वाल, चवळी, कुळीथ कमी होण्यामागे माणसांची टंचाई आणि मोकाट गुरं आहेतच, पण ही ओढाताणही आहे असं मला वाटतं.

यावरचा एक उपाय शेतकऱ्यांनीच धरून ठेवलेला आहे: नांगरायचंच नाही. भात कापल्यावर धसकटांच्या ओळींमध्ये काठीने किंवा विळ्याच्या टोकाने भोक पाडून वालाचे दोन-तीन दाणे टाकायचे आणि पायाने माती दाबायची. यात यंत्राची वाट बघावी लागत नाही, माती उलटली न गेल्यामुळे ओल कमी उडते, आणि धसकटांची सुकलेली मुळं कुजताना जमिनीत हवेच्या वाटा तयार करतात. वाफसा इथेही लागतो, पण तो फक्त बीभोवतीच्या मुठभर मातीत आला तरी भागतं, त्यामुळे मुदत दोन-तीन दिवसांनी लांबते. उत्पन्न नांगरलेल्या खाचराइतकं येईलच असं नाही, कारण चिखलणीचा दाट थर तसाच राहतो आणि मुळं खोल जात नाहीत.

नांगरून पेरलं तर पेरल्याबरोबर फळी फिरवायची, त्याच दिवशी. नांगरलेली माती उघडी राहिली की तिच्या मोकळ्या फटींतून ओल झपाट्याने उडते. फळीने वरचा थर हलका दाबला गेला की बीला माती चिकटते आणि वाफसा बीच्या खोलीवर दोन-चार दिवस जास्त टिकतो. काकीने टिलरवाल्याला आधीच सांगून ठेवलं होतं की शेवटचा अर्धा तास फळीसाठी ठेव, नाहीतर पैसे पुरे मिळणार नाहीत.